आयर्विन पुलाजवळचे पाणी आणि सारांशातील चार वाक्ये : एका पूर अहवालाचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने पूरग्रस्त घरांची पाहणी केली आणि तिचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवण्याआधी तपासून घ्यावा म्हणून माझ्याकडे आणून दिला. मी संख्याशास्त्र शिकवते. नोंदी पाहून मला समाधान वाटले, कारण मुलांनी घरोघरी जाऊन भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा टेपने मोजल्या होत्या, पंचनाम्याच्या प्रतींशी आकडे ताडून पाहिले होते आणि एकही रकाना अंदाजाने भरलेला नव्हता. चूक नोंदींत नव्हती. ती सारांशाच्या पानावर होती. तेथे चार वाक्ये होती. त्यांपैकी तीन वाक्यांना काही अर्थच लागत नव्हता आणि चौथ्याला अर्थ असूनही त्यावरून वाचणाऱ्याचा चुकीचा समज होणार होता. या लेखात गावाचे नाव दिलेले नाही आणि घरनिहाय आकडे हिशेबाला सोपे पडतील असे बदलून घेतले आहेत. चुकांचे स्वरूप मात्र जसेच्या तसे आहे.

पहिले वाक्य असे होते : “आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट असताना २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेले, म्हणजेच पाणी इशारा पातळीपेक्षा साडेबेचाळीस टक्क्यांनी जास्त होते.”

पावसाळ्यात सांगलीत “पुलाजवळ पाणी किती?” असे विचारले की उत्तर फुटांत येते, आणि ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, त्यामुळे वाक्यातील दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि १७ भागिले ४० हा भागाकारही बरोबर आहे. तरीही साडेबेचाळीस टक्के हा आकडा नदीविषयी काहीच सांगत नाही. याचे कारण मोजपट्टीच्या शून्यात आहे. पट्टीवर जेथे शून्य लिहिले आहे तेथे पाणी संपत नाही आणि नदीही संपत नाही. मोजण्याच्या सोयीसाठी कोणीतरी निवडलेली ती एक खूण आहे. ती पाच फूट खाली धरली असती तर तेच पाणी ४५ आणि ६२ फूट म्हणून नोंदले गेले असते, आणि वाढ ३८ टक्क्यांच्याही आत आली असती.

मुलांना हे पटावे म्हणून मी त्यांना तीच पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये लिहायला सांगितली. पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून ५३० मीटर उंचीवर आहे असे उदाहरणापुरते धरले. मग इशारा पातळी ५४२.१९ मीटर होते आणि ५७ फुटांचे पाणी ५४७.३७ मीटर होते. या दोन आकड्यांत टक्केवारी काढली तर वाढ एक टक्क्याच्याही आत येते. नदी तीच, पूर तोच, पाणी भिंतीवर टेकले ती जागाही तीच. एका हिशेबात वाढ साडेबेचाळीस टक्के आणि दुसऱ्या हिशेबात एक टक्क्याहून कमी. जे विधान केवळ शून्याची खूण हलवल्याने इतके पालटते ते पुराविषयीचे विधान नव्हे, ते खुणेविषयीचे विधान आहे.

मात्र फरक पालटला नाही, आणि या मापनश्रेणीचे सारे मर्म तेथेच आहे. १७ फूट म्हणजे ५.१८ मीटर, आणि ५४७.३७ वजा ५४२.१९ हेही ५.१८ मीटरच. पाणी इशारा पातळीच्या १७ फूट वर आणि धोका पातळीच्या १२ फूट वर गेले, हे दोन्ही पट्ट्यांवर खरे आहे. एवढेच नव्हे, तर दोन फरकांचे गुणोत्तरही टिकते : १२ भागिले १७ घ्या किंवा ३.६६ भागिले ५.१८ घ्या, उत्तर ०.७१ च्या आसपासच येते. ज्या मापात समान अंतरे खरोखर समान असतात, पण शून्य माणसाने ठरवलेले असते, त्याला अंतराल श्रेणी म्हणतात. तिच्यात बेरीज-वजाबाकी, सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप, यांना अर्थ असतो; “इतके पट” आणि “इतके टक्के जास्त” यांना नसतो.

आपल्या कालगणनेतही हेच दिसते. सांगलीकरांच्या लक्षात राहिलेले पूर २००५, २०१९ आणि २०२१ चे. शालिवाहन शकाप्रमाणे ती वर्षे १९२७, १९४१ आणि १९४३ येतात. पहिल्या दोन पुरांमध्ये १४ वर्षांचे अंतर होते आणि पुढच्या दोघांमध्ये २ वर्षांचे, म्हणजे पहिले अंतर दुसऱ्याच्या सातपट होते. हे विधान दोन्ही कालगणनांत खरे आहे. पण २०१९ ला २००५ ने भागून काही सांगावे असे कोणाच्या मनातही येत नाही. नदीच्या पातळीबाबत तेच चटकन मनात येते, कारण फूट हे एकक आपण लांबी मोजायला वापरतो आणि लांबीला खरे शून्य असते. एककाच्या ओळखीमुळे शून्याकडे दुर्लक्ष होते.

याच पानावर नदीच्या पातळीचा विचलन गुणांकही काढलेला होता, म्हणजे प्रमाण विचलनाला सरासरीने भागून येणारी टक्केवारी. समजा, पाच दिवसांच्या पातळ्या ४६, ५०, ५४, ५७ आणि ५३ फूट आहेत. सरासरी ५२ फूट आणि प्रमाण विचलन सुमारे ३.७४ फूट येते. या दोन्हींना अर्थ आहे, कारण समुद्रसपाटीचा हिशेब केला तरी विचलन तेवढेच, म्हणजे १.१४ मीटर, राहते. पण भागाकार केला की फुटांच्या पट्टीवर ७.२ टक्के आणि समुद्रसपाटीच्या हिशेबात ०.२१ टक्के मिळतात. भागाकारात सरासरी शिरली की तिच्याबरोबर मनमानी शून्यही शिरते.

येथे एक गोष्ट मला विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ती पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. पुलाजवळची पातळी अंतराल श्रेणीवर आहे ती उंची म्हणून. ५० ते ५१ आणि ३० ते ३१ ही दोन्ही एकेका फुटाची उंची सारखीच. पण त्याच आकड्याकडे आपण आपत्तीचे माप म्हणून पाहू लागलो की अंतरे समान राहत नाहीत. पाणी पात्राच्या आत असताना एक फूट चढले तर मळीच्या रानात थोडे पुढे सरकते. तेच पाणी काठ ओलांडून सपाटीवर पसरल्यानंतर एक फूट चढले तर गल्लीच्या गल्ली पाण्यात जाते. म्हणून “पातळी जितकी जास्त तितके संकट मोठे” एवढे म्हणता येते, पण “४५ वरून ५१ वर जाणे आणि ५१ वरून ५७ वर जाणे हे सारखेच संकट” असे म्हणता येत नाही. आकडा एकच असला तरी तो उंचीसाठी अंतराल श्रेणीवर आणि संकटासाठी केवळ क्रमदर्शक श्रेणीवर असतो. श्रेणी आकड्याला चिकटलेली नसते. तो आकडा ज्या गुणधर्माऐवजी उभा केला आहे त्याच्यावर ती अवलंबून असते. कोणत्या रकान्याची श्रेणी कोणती असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी आधी विचारते की या रकान्यावरून तुम्हांला नेमके कशाविषयी बोलायचे आहे.

दुसरे वाक्य अधिक गंभीर होते, कारण त्यावर मदतीचा क्रम ठरणार होता : “मळ्याकडच्या वस्तीची सरासरी नुकसान श्रेणी ३.० आणि घाटाकडच्या वस्तीची २.७ आहे, म्हणून मळ्याकडच्या वस्तीला मदतीची अधिक गरज आहे.”

नुकसानीची श्रेणी मुलांनी स्वतः विचार करून ठरवली होती. पाणी अंगणापर्यंत आले तर १, उंबरा ओलांडून घरात आले तर २, सामान भिजून निकामी झाले तर ३, भिंतींना तडे गेले किंवा भिंत खचली तर ४, आणि घर पडले तर ५. या श्रेणीत मला काही दोष दिसत नाही. प्रत्येक पायरी पाहून ओळखता येते आणि क्रमाविषयी कोणाचे दुमत होणार नाही. पण १ पासून २ पर्यंतचे अंतर आणि ४ पासून ५ पर्यंतचे अंतर सारखे आहे असे कोणी म्हणणार नाही. अंगणातले पाणी घरात येणे म्हणजे चार दिवसांची घाण काढणे. तडे गेलेले घर पडणे म्हणजे आयुष्याची कमाई जाणे. सरासरी काढताना मात्र आपण न बोलता ही दोन्ही अंतरे समान मानतो.

प्रत्येक वस्तीतल्या दहा घरांच्या नोंदी पाहू. मळ्याकडची वस्ती : २, ३, ३, ३, ३, ३, ३, ३, ३, ४. घाटाकडची वस्ती : १, १, १, २, २, २, ३, ५, ५, ५. सरासरी अनुक्रमे ३.० आणि २.७ येते, म्हणजे अहवालातील हिशेब बरोबर आहे. आता पडलेल्या घराला ५ ऐवजी १० हा अंक द्यावा. बाकीचे अंक तेच ठेवावेत. क्रम बिलकूल बदललेला नाही, वाईटाला मोठा अंक हा नियमही पाळला गेला आहे, आणि ५ हा अंक निवडण्याला जेवढा आधार होता तेवढाच १० ला आहे. पण आता मळ्याकडची सरासरी ३.० राहते आणि घाटाकडची ४.२ होते. पहिल्या अंकांनी मळ्याकडच्यांना आधी मदत मिळत होती, दुसऱ्या अंकांनी ती घाटाकडच्यांना मिळते. ज्या निर्णयाची दिशा अंक लिहिणाऱ्याच्या मर्जीवर फिरते, त्याला पाहणीचा निष्कर्ष म्हणता येणार नाही.

मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी नोंद, या बदलाने हलत नाही. मळ्याकडे पाचवे आणि सहावे घर दोन्ही ३ वर आहेत, घाटाकडे दोन्ही २ वर आहेत, आणि वरच्या पायरीला कोणताही मोठा अंक दिला तरी ते तसेच राहतात. क्रमदर्शक श्रेणीला मध्यक चालतो तो एवढ्याचसाठी. येथे सावधगिरी अशी की मधल्या दोन नोंदी २ आणि ३ असत्या तर २.५ लिहू नये. मध्यक २ आणि ३ यांच्या दरम्यान आहे एवढेच लिहावे, कारण अडीच म्हणजे घराची कोणती अवस्था हे श्रेणीत कोठेही सांगितलेले नाही.

पण मुलांनी “मग सर्वत्र मध्यकच लिहू का?” असे विचारले तेव्हा मी होकार दिला नाही. घाटाकडचा मध्यक २ आहे, म्हणजे पाणी घरात आले एवढेच, आणि तो वाचून दहापैकी तीन घरे पडली आहेत याचा कोणाला सुगावाही लागणार नाही. मध्यक श्रेणीच्या मर्यादेत बसतो हे खरे, पण या प्रश्नाला तो अपुरा आहे. अशा वेळी पायरीनिहाय घरांची संख्या सरळ मांडणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते : “भिंत खचली किंवा घर पडले, म्हणजे पायरी ४ किंवा त्यावरील नुकसान, मळ्याकडे १० पैकी १ घराचे आणि घाटाकडे १० पैकी ३ घरांचे झाले, पायरी ३ किंवा त्यावरील नुकसान मळ्याकडे ९ आणि घाटाकडे ४ घरांचे झाले.” या वाक्यात एकही अंतर समान मानलेले नाही. भिजलेल्या सामानाला आधी मदत द्यायची की पडलेल्या घरांना, हा प्रश्न आता उघड दिसतो, आणि त्याचे उत्तर ग्रामसभेने द्यायचे आहे. सरासरीने तो प्रश्न गुपचूप सोडवून टाकला होता.

केंद्रीय जल आयोग पूरस्थितीचे जे वर्ग करतो तेही याच जातीचे आहेत : पाणी इशारा पातळीपासून धोका पातळीपर्यंत असेल तर एक वर्ग, धोका पातळीच्या वर पण आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या खाली असेल तर तीव्र, आणि सर्वोच्च पातळीच्याही वर गेले तर अतितीव्र. अंतराल श्रेणीवरील पातळीचे येथे मुद्दाम क्रमदर्शक वर्ग केले जातात, कारण घर सोडायचे की नाही हे ठरवायला तेवढे पुरते. पण सर्वोच्च पातळीचा विक्रम मोडला की सर्वांत वरची पायरी वर सरकते, म्हणून दोन वेगळ्या वर्षांतील “तीव्र” या शब्दांची तुलना करताना तेव्हाची सर्वोच्च पातळी कोणती होती हे पाहावे लागते.

तिसऱ्या वाक्याला फार वेळ द्यावा लागला नाही. “पाहणीतील घरांचा सरासरी प्रकार २.३ आहे,” असे ते होते. पत्र्याच्या घराला १, मातीच्या घराला २, दगडी घराला ३ आणि वीट-सिमेंटच्या घराला ४ असे संकेतांक दिले होते. हे अंक नावांच्या जागी आले आहेत. त्यांच्या जागी क, ख, ग, घ चालले असते. अशा नामनिर्देशक श्रेणीत किती घरे कोणत्या प्रकारची आणि सर्वांत जास्त घरे कोणत्या प्रकारची, म्हणजे बहुलक, एवढेच सांगता येते. २.३ प्रकारचे घर कृष्णाकाठी कोणी बांधलेले नाही. संगणकाच्या तक्त्यात `AVERAGE` लिहिले की तो हे उत्तर मुकाट्याने देतो, कारण त्याला अंक दिसतात, घर दिसत नाही. म्हणून नामनिर्देशक रकान्यात अंकांऐवजी शब्दच भरावेत असा माझा आग्रह असतो. मग तक्ता स्वतःच अडतो.

नामनिर्देशक, क्रमदर्शक, अंतराल आणि गुणोत्तर या चार श्रेणींची ही मांडणी हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केली. अंकांमध्ये कोणता बदल केला तरी मूळ माहिती शाबूत राहते, यावर त्यांनी श्रेणी ओळखली : नावे हवी तशी बदलता येतात, क्रम राखून अंक ताणता येतात, शून्य व एकक दोन्ही बदलता येतात, किंवा फक्त एकक बदलता येते. वर मी मोजपट्टीचे शून्य हलवले आणि पडलेल्या घराला १० दिले, ती याच कसोटीची उपयोजने होती.

ही कसोटी सर्वांना मान्य झाली नाही. १९५३ मध्ये मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉल खेळाडूंच्या पाठीवरच्या क्रमांकांचे एक काल्पनिक उदाहरण देऊन दाखवले की नावापुरत्या क्रमांकांची सरासरीही कधी खऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. आमच्या अहवालातच याचा प्रत्यय आला. गावातील मिळकत क्रमांक घाटापासून सुरू होऊन वरच्या अंगाला वाढत गेलेले होते. मुलांनी निवडलेल्या घरांच्या मिळकत क्रमांकांची सरासरी गावाच्या सरासरीपेक्षा बरीच कमी आली, तेव्हा पाहणीत नदीजवळची घरे जास्त आल्याचा संशय घेता आला आणि तो खरा निघाला. मिळकत क्रमांक ही नावे आहेत, म्हणून त्यांची सरासरी निषिद्ध असा नियम आंधळेपणाने पाळला असता तर हा दोष हाती लागला नसता. माझ्या मते येथे स्टीव्हन्स खोटे ठरत नाहीत. मिळकत म्हणून तो क्रमांक नावच आहे. पण घरे कशी निवडली गेली या प्रश्नापुरता तो नदीपासूनचा क्रम सांगतो. प्रश्न बदलला, म्हणून श्रेणीही बदलली.

चौथे वाक्य गुणोत्तर श्रेणीवरचे होते : “घरातील पाण्याची खोली काही घरांत इतरांच्या दुप्पट होती आणि घाटाकडे प्रति कुटुंब सरासरी नुकसान १ लाख ६५ हजार रुपये झाले.” खोलीविषयी मुलांचे बरोबर होते. एका घरात जोत्यावर ७ फूट पाणी आणि दुसऱ्यात साडेतीन फूट, तर पहिल्यात दुप्पट. मीटरमध्ये मोजले तरी दुप्पटच. येथे शून्याचा अर्थ घरात पाणी नाही असा होतो आणि तो कोणी ठरवलेला नाही. “धोका पातळीपासून उंची” हे माप मात्र दिसायला असेच असले तरी वेगळे आहे. पाणी धोका पातळीच्या खाली गेले की ते उणे होते, आणि उणे खोली असे काही नसते. वजाबाकी केली म्हणजे खरे शून्य मिळाले, असे होत नाही.

रुपयांच्या सरासरीलाही श्रेणीची हरकत नाही. हरकत वेगळी होती. दहापैकी नऊ कुटुंबांचे नुकसान ४० ते ६० हजारांच्या दरम्यान, मिळून साडेचार लाख होते, आणि दहावे कुटुंब किराणा दुकानाचे होते, त्याचे बारा लाख गेले होते. एकूण साडेसोळा लाखांना दहाने भागले की १ लाख ६५ हजार येतात, पण त्याच्या जवळपास नुकसान झालेले एकही घर वस्तीत नाही. एकूण निधी किती लागेल यासाठी ही सरासरी उपयोगी आहे, कारण तिला घरांच्या संख्येने गुणले की बेरीज परत मिळते. नेहमीच्या कुटुंबाचे काय झाले हे सांगायला मध्यकच हवा. श्रेणी फक्त कोणते सारांश अर्थशून्य आहेत हे सांगते, अर्थपूर्ण सारांशांपैकी कोणता निवडावा हे सांगत नाही.

मुलांनी सारांशाचे पान पुन्हा लिहिले. पाणी धोका पातळीच्या १२ फूट वर गेले, एवढेच पहिल्या वाक्यात राहिले. वस्त्यांची तुलना पायरीनिहाय संख्यांनी केली गेली, आणि नुकसानीच्या रकमेसाठी बेरीज व मध्यक शेजारी शेजारी दिले गेले. तक्त्याच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्यांनी आता एककाखाली आणखी एक ओळ घातली आहे : “येथे शून्य म्हणजे काय?” पुलाजवळच्या पातळीखाली “मोजपट्टीची खूण”, घरातील खोलीखाली “जोत्यावर पाणी नाही”, नुकसान श्रेणीखाली “शून्य नाही, फक्त क्रम”, आणि घराच्या प्रकाराखाली एक रेघ.